सकाळच्या बसमधल्या एका फोटोसाठी ओळ

*मी रोज सकाळी साडेआठच्या सुमारास नाशिकरोडहून सिटीलिंकच्या बसने सीबीएस बसस्थानकाला जाते. परवा गर्दीत उभी असताना एक फोटो काढला. खिडकीपाशी बसलेल्या एका काकांच्या मांडीवर उभ्या लोकांच्या चार बॅगा आहेत, त्यांची स्वतःची काळी बॅग पायाशी आहे. चेहरा दिसत नाही, हात दिसतात. फोटो मला फार आवडतो, पण खाली लिहायला गेलं की 'गर्दीतही माणुसकी', 'रोजचाच प्रवास, तरीही नवा' असलंच सुचतं. काय लिहू? आणि असं लिहायचं कसं?*

तुमच्या फोटोपुरतं उत्तर आधी देते. असं लिहा:

चार बॅगा मांडीवर, स्वतःची पायाशी.

एवढंच. पाच शब्द, एक स्वल्पविराम, एक पूर्णविराम. या ओळीपर्यंत मी कशी आले ते आता सांगते, कारण पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे दुसरा फोटो असेल आणि तेव्हा ही ओळ उपयोगाची नाही.

मी नाशिकमध्ये वीसेक वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलं. आमच्याकडे याला 'फोटोओळ' म्हणतात. रात्री फोटोग्राफरकडून फोटो यायचा, पान सुटायला दहा मिनिटं असायची आणि त्या दहा मिनिटांत एक ओळ लिहायची. त्या सवयीतून जे हाताला लागलं तेच इथे लिहिते आहे.

तुम्हाला सुचलेल्या दोन ओळींपासून सुरुवात करू. त्या का बसत नाहीत हे तुम्हाला जाणवलंय, म्हणून तर तुम्ही विचारलंत. पण नेमकं काय खटकतंय ते शोधायला हवं. 'गर्दीतही माणुसकी' यातला त्रास 'माणुसकी' या शब्दापेक्षा जास्त त्या 'ही'मध्ये आहे. 'गर्दीतही' म्हटलं की आपण मान्य करतो, गर्दी ही माणुसकीच्या विरुद्धची गोष्ट आहे आणि असं असूनसुद्धा इथे ती सापडली. आता फोटो बघा. बस रिकामी असती तर काकांच्या मांडीवर चार बॅगा आल्या असत्या का? प्रत्येकाने आपापली बॅग शेजारच्या सीटवर ठेवली असती. त्या चार बॅगा तिथे आल्या त्या गर्दीमुळे. उभ्या माणसाला एका हाताने दांडा धरायचा असतो, दुसरा हात मोकळा हवा असतो, पाठीवरची सॅक मागच्याच्या तोंडावर येत असते, म्हणून बसलेला माणूस हात पुढे करतो. म्हणजे तुमच्या फोटोत जे सुंदर आहे ते गर्दीनेच तयार केलंय. 'ही' तिथे चुकीची माहिती देतो.

'तरीही'चं तसंच. 'रोजचाच प्रवास, तरीही नवा' म्हणताना रोजचं म्हणजे कंटाळवाणं असं आपण आधीच ठरवून टाकतो आणि मग त्याची भरपाई करायला 'नवा' आणतो. पण तुमच्या फोटोत नवं काहीच नाही, आणि त्यातच त्याची गंमत आहे. हे काका उद्याही बॅगा घेतील, परवाही घेतील. इतक्या वेळा झालंय म्हणून तर हे इतक्या सहज होतं: कोणी आभार मानत नाही, कोणी संकोचत नाही. रोजच्या गोष्टीतलं सौंदर्य दाखवायचं असेल तर ती रोजची नसल्याचं सोंग आणून कसं चालेल? म्हणून रोजच्या प्रवासाच्या फोटोखाली लिहिताना मी पहिली गोष्ट करते ती ही: ओळीतून 'ही', 'तरी', 'तरीही', 'पण' काढून टाकते. काढल्यावर ओळ उभी राहत नसेल, तर तिच्यात त्या 'तरीही'शिवाय काही नव्हतंच.

दुसरी तपासणी याहून सोपी आहे. लिहिलेली ओळ तुमच्या फोनमधल्या दुसऱ्या कुठल्याही फोटोखाली चिकटवून बघा. 'रोजचाच प्रवास, तरीही नवा' ही ओळ पंचवटी एक्सप्रेसच्या फोटोखाली बसते, द्वारका चौकातल्या सिग्नलवरच्या फोटोखाली बसते, शेअर रिक्षाच्या फोटोखालीही बसते. म्हणजे ती तुमच्या फोटोची नाही. 'चार बॅगा मांडीवर' ही ओळ दुसरीकडे चिकटवली तर लगेच खोटी पडते. खोटी पडू शकते म्हणूनच ती इथे खरी ठरते.

आता ओळ सापडते कुठे? मी आधी वाक्य शोधतच नाही. फोटो मोठा करते आणि त्यातल्या वस्तूंची नावं कागदावर लिहून काढते. विशेषणं नाहीत, भावना नाहीत, नुसत्या वस्तू. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला दिसलं ते असं. खिडकीची काच, आतून वाफेने धुरकट झालेली. थंडीच्या दिवसांत भरलेल्या बसमध्ये इतक्या जणांच्या श्वासाने ती तशी होतेच. काचेवर कोणीतरी बोटाने पुसून केलेला पंजाएवढा मोकळा डाग. मांडीवर सगळ्यात खाली लॅपटॉपची काळी बॅग, तिच्यावर निळी सॅक, बाजूला कापडी पिशवी. पिशवीचा वरचा भाग गोल दिसतोय, म्हणजे आत डबा असावा. काकांचा उजवा तळहात त्या पिशवीवर सपाट ठेवलेला. चौथी एक तपकिरी पर्स. आणि मग तुमच्या फोटोतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: त्या पर्सचा लांब पट्टा वर जातो आणि फोटोच्या कडेला कोणाच्या तरी खांद्याकडे नाहीसा होतो. पर्स काकांच्या मांडीवर आहे, पट्टा अजून तिच्या खांद्यावरच आहे.

हे तुम्ही प्रश्नात लिहिलं नव्हतं, कदाचित तुमच्या लक्षात आलं नसेल. बघणाऱ्याचं तसंच होतं. डोळा आधी बॅगांच्या ढिगावर जातो, तिथेच थांबतो आणि बोट पुढच्या फोटोकडे सरकतं. फोटोओळीचं काम इथे आहे. जे पहिल्या नजरेत दिसतंच ते पुन्हा सांगण्यात शब्द घालवायचे नाहीत. दुसऱ्या नजरेत दिसेल त्याकडे बोट दाखवायचं. ओळ वाचून माणूस परत वर फोटोकडे गेला पाहिजे. 'स्वतःची पायाशी' हे मी त्यासाठीच घातलं. चार बॅगा सगळ्यांना दिसतात. पायाशी अंधारात पडलेली पाचवी काळी बॅग कोणाला दिसत नाही. ती वाचून माणूस खाली बघतो, ती सापडते आणि त्या क्षणी त्याला कळतं की लोकांचं वर घेण्यासाठी यांनी आपलं खाली ठेवलंय. हे मी सांगितलेलं नाही, त्याने स्वतः पाहिलंय. 'निःस्वार्थ' हा शब्द लिहिला असता तर त्याला बघायचं काही उरलं नसतं.

पट्ट्यावरूनही एक ओळ होते:

वजन त्यांच्या मांडीवर, पट्टा तिच्या खांद्यावर.

खरं सांगायचं तर कारागिरी म्हणून मला ही ओळ पहिलीपेक्षा थोडी जास्त आवडते. अनोळखी माणसावर किती विश्वास टाकायचा, याचं अगदी नेमकं माप त्या पट्ट्यात आहे: ओझं दिलं, पर्स दिली नाही. आणि त्यात कोणाला वाईट वाटत नाही, काकांनाही नाही. पण ही ओळ वापरायची असेल तर फोटो कापावा लागेल. सध्या पट्टा उजव्या कडेला, छोटासा आहे. फोनवर, अंगठ्याएवढ्या चित्रात, तो कोणाला दिसणार नाही आणि ओळ वाचून माणूस गोंधळेल. डावीकडची खिडकी आणि खालची पायाची बाजू कापली तर पट्टा मध्ये येतो. पण मग पायाची बॅग जाते आणि वाफेची काचही जाते, जिच्यामुळे सकाळ कळते. मी असते तर फोटो आहे तसा ठेवून पहिली ओळ घेतली असती. तुम्ही ठरवा, पण दोन्ही ओळी एकाखाली एक लिहू नका. फोटोखाली दोन चांगल्या ओळी आल्या की वाचणारा फोटो सोडून ओळींची तुलना करायला लागतो.

आता क्रियापदाकडे येते. मराठीत रोजचेपणा दाखवायला 'रोज' हा शब्द लिहावाच लागत नाही, आपलं क्रियापद ते काम करतं. तीन रूपं बघा. 'काकांनी बॅगा मांडीवर घेतल्या': झालं, एकदा झालं, ही बातमी आहे. 'काकांनी बॅगा मांडीवर घेतल्यात': आत्ता, या क्षणी समोर दिसतंय. 'काका बॅगा मांडीवर घेतात': ही सवय आहे, असं होत आलंय आणि होत राहील. नुसत्या 'घेतात'मध्ये कालचा, आजचा आणि उद्याचा दिवस आहे. 'काका रोज सकाळी नेहमीच बॅगा मांडीवर घेतात' असं लिहिणाऱ्याने एकच गोष्ट तीनदा सांगितली.

पण 'घेतात' लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं: मला हे माहीत आहे का? तुम्ही या काकांना पुन्हा पुन्हा पाहिलंय, की परवा एकदाच? एकदाच पाहिलं असेल तर 'घेतात' ही तुमची कल्पना झाली. त्यांना सवय तुम्ही दिलीत. मग 'घेतल्यात' लिहा किंवा क्रियापद गाळा. मी सुचवलेल्या ओळीत क्रियापद नाही, त्याचं एक कारण हेच.

दुसरं कारण आदराचं आहे. मराठीत वर्तमानकाळी क्रियापद आलं की 'तो' की 'ते' हे ठरवावंच लागतं, मोकळं सोडता येत नाही. अनोळखी वयस्कर माणसाला 'तो बॅगा सांभाळतो' म्हटलं तर खटकतं. 'ते बॅगा सांभाळतात' म्हटलं तर ओळ जरा औपचारिक, सत्काराच्या भाषणासारखी होते. 'काका' म्हटलं तर घरगुती होतं, आणि चेहरा दिसत नसताना वयाचा अंदाजही आपणच करतो. क्रियापद आणि कर्ता दोन्ही गाळले की हा प्रश्नच राहत नाही. शिवाय बॅगा स्वतःच पुढे येतात, आणि फोटो बॅगांचाच आहे. मात्र प्रत्येक फोटोला असंच करू नका. सलग दहा फोटोंखाली क्रियापद नसलेल्या ओळी आल्या की सामानाची यादी वाचल्यासारखं वाटतं.

बोललेलं वाक्य ओळ म्हणून वापरायचा मोहही होतो. बसमध्ये काय म्हणतात आपल्याकडे? 'आणा इकडं ती बॅग.' किंवा नुसतं 'द्या.' हे 'द्या' फार सुंदर आहे. मागणाऱ्यासारखा शब्द, आणि प्रत्यक्षात तो माणूस काही मागत नाही, तुमचं ओझं मागतोय. 'द्या इकडं.' एवढीच ओळ या फोटोला चालली असती. अट एकच, तुम्ही ते ऐकलेलं असलं पाहिजे. अवतरणचिन्हात लिहिलेलं वाक्य म्हणजे हे कोणीतरी म्हणालं अशी साक्ष असते. कित्येकदा कोणी काही म्हणतही नाही. बसलेला माणूस मान वर न करता हात पुढे करतो आणि बॅग जाते. तसं झालं असेल तर 'द्या' लिहिणं म्हणजे त्या मुकेपणाला आवाज देणं, आणि मुकेपणाच जास्त मोलाचा होता. कंडक्टरचं 'पुढे चला, पुढे मोकळंय' हे वाक्यही आठवेल तुम्हाला. ते मी घेणार नाही. त्याने लोक हसतील आणि हसून पुढे जातील. त्या तळहाताकडे कोणी बघणार नाही.

साक्षीवरून माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण रोजच्या प्रवासाच्या फोटोंत ही चूक सगळ्यात सहज होते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक फोटो आला: सकाळची वेळ, खच्चून भरलेली बस, खिडकीला डोकं टेकून डोळे मिटलेली एक मुलगी. मी लिहिलं, 'रात्रपाळी संपवून घराकडे निघालेली एक थकलेली तरुणी.' मला कोणी सांगितलं नव्हतं. डोळे मिटलेले दिसले, मागे औद्योगिक वसाहतीची पाटी दिसली, बाकीचं मी जोडलं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी वडिलांबरोबर कचेरीत आली. तिची परीक्षा होती, ती डोळे मिटून उत्तरं आठवत होती. शेजारपाजारचे लोक विचारत होते की पोरीला शाळा सोडून रात्रपाळीला कधीपासून लावलं. वडील रागावले नव्हते, आणि त्याचंच मला जास्त लागलं. ते फक्त म्हणाले, 'ताई, विचारलं असतं तर सांगितलं असतं.' आम्ही दुरुस्ती छापली. पण दुरुस्ती कोण वाचतं.

तेव्हापासून माझा नेम आहे. फोटोतल्या माणसाचा थकवा, दुःख, गरिबी, आनंद, वाट बघणं यातलं काहीही मी विचारल्याशिवाय लिहीत नाही. डोळे मिटलेले आहेत हे लिहिते. थकलीय हे लिहीत नाही. तुमच्या फोटोत तळहात पिशवीवर आहे हे मी लिहीन. डबा सांडू नये म्हणून ठेवलाय हे लिहिणार नाही, जरी मला तसंच वाटत असलं तरी. वाचणारालाही तेच वाटेल. तो आपला आपण तिथे पोचेल.

आता जागेच्या नावाबद्दल. नाशिकच्या प्रवासाच्या फोटोंत हे थोडं नाजूक आहे. तुमची बस बिटको, दत्तमंदिर, उपनगर, गांधीनगर करत द्वारकेला येते. तुम्ही ओळीत लिहिलंत, 'द्वारका येईपर्यंत चार बॅगा मांडीवर', तर नाशिककराला लगेच कळेल: पुण्याचा आणि मुंबई-आग्र्याचा रस्ता जिथे भेटतो तो चौक, तिथली खोळंबलेली वाहनं, आणि तिथवर किती वेळ लागतो तेही. त्याच्यासाठी 'द्वारका येईपर्यंत' हे घड्याळच आहे. पण नागपूरच्या किंवा कोल्हापूरच्या माणसाला द्वारका म्हणजे गुजरातमधलं तीर्थक्षेत्र. त्याला वाटेल ही बस यात्रेची आहे! 'पंचवटी'चं तर याहून अवघड आहे. रोज मुंबईला जाणाऱ्या पासधारकाला पंचवटी म्हणजे गाडी, गोदावरीकाठच्या माणसाला पंचवटी म्हणजे वस्ती, आणि बाहेरच्याला पंचवटी म्हणजे रामायण. 'पंचवटी चुकली' हे तिघं तीन तऱ्हांनी वाचतील. म्हणून फोटो कोण बघणार ते आधी ठरवा. फक्त गावातलेच बघणार असतील तर स्थानिक नाव ओळीत जरूर घ्या, त्याने ओळ जवळची होते. दूरचेही बघणार असतील तर नाव ओळीत नको. खाली वेगळ्या ओळीत 'नाशिकरोड ते सीबीएस, सकाळ' एवढं द्या. वेळ आणि ठिकाण अशी साधी, सरळ ओळ ही मुख्य ओळीखाली बसते आणि तिला धक्का लावत नाही.

कधीकधी मात्र माहितीच ओळ होते, आणि तेव्हा ती लपवायची नसते. माझ्याकडे पंचवटीच्या परतीच्या प्रवासाचा एक जुना फोटो आहे. संध्याकाळी मुंबईहून निघालेली गाडी, डबा माणसांनी भरलेला, जिथे जागा मिळाली तिथे लोक झोपलेले, एकाची मान दुसऱ्याच्या खांद्यावर. फोटो छान आहे, पण असे फोटो पुष्कळ असतात. मी काढलेला असल्यामुळे मला एक गोष्ट माहीत होती जी फोटोत दिसत नव्हती: तो कसारा स्थानकावर काढलाय. कसाऱ्याहून इगतपुरीकडे गाडीला थळ घाट चढायचा असतो. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा तो चढ. रेल्वेसाठी हा फारच खडा. म्हणून तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. ती लागताना डब्याला हादरा बसतो. रोजचे लोक त्या हादऱ्याने उठत नाहीत. मी ओळ लिहिली:

कसाऱ्याला मागून इंजिन लागलं. कोणी जागं झालं नाही.

इथे क्रियापदं भूतकाळात आहेत, एकदाच घडलेल्या गोष्टीची आहेत आणि तरी रोजचेपणा कळतो, कारण न उठण्यामागे वर्षानुवर्षांचा सराव आहे हे वाचणारा ओळखतो. अशी ओळ बाहेर बसून सुचत नाही. त्या मार्गावर जो जातो त्यालाच ती सापडते. तुमच्या बसमार्गावरही असं काही असेलच: कुठल्या वळणावर सगळे एका बाजूला कलतात, कुठल्या थांब्यानंतर खिडकीतून ऊन आत येतं, कुठे आपोआप पन्नास जणांचे फोन खिशात जातात. हे दहा दिवस वहीत टिपून ठेवा. फोटो न काढता, नुसतं टिपा. माझ्या बऱ्याच ओळी अशा आधी सापडल्या आणि फोटो नंतर मिळाला.

लिहिल्यावर ओळ मोठ्याने वाचायची. 'चार बॅगा मांडीवर, स्वतःची पायाशी' हिचा पहिला भाग मांडीवर थांबतो, दुसरा पायाशी. दोन्ही जागा शेवटी आल्या म्हणून तोल येतो. हीच ओळ 'मांडीवर चार बॅगा आणि पायाशी स्वतःची एक' अशी फिरवली तर शेवटचा 'एक' उगाच लोंबतो. 'स्वतःची' ऐवजी 'आपली' चालेल का, असं मी बराच वेळ करून पाहिलं. 'आपली' जास्त मऊ आहे, बोलण्यातला आहे. पण मराठीत 'आपली' म्हणजे बोलणाऱ्याची, ऐकणाऱ्याची, सगळ्यांची असं काहीही होऊ शकतं; आपली पायाशी म्हणजे फोटो काढणाऱ्याची, असं कोणी वाचेल. 'स्वतःची' थोडा कडक आहे, पण अर्थ पक्का आहे. फोटोओळीत मी पक्केपणा निवडते.

आणखी दोन बारीक गोष्टी. शेवटी तीन टिंबं देऊ नका. 'चार बॅगा मांडीवर...' असं लिहिलं की आपण वाचणाराला भावुक व्हायची खूण करतो. पूर्णविराम द्या. आणि हृदयाची, हात जोडल्याची चिन्हं ओळीला चिकटवू नका. ओळीत जे सांगायचं टाळलं तेच ती चिन्हं सांगून टाकतात. फोनच्या पडद्यावर पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचा मजकूर दाबल्यावर उघडतो, म्हणून मुख्य ओळ सगळ्यात वर आणि तिच्या आधी काही नको. `#नाशिकरोड` सारखी खूणपाटी द्यायचीच असेल तर एक ओळ मोकळी सोडून खाली द्या, वाक्याच्या मध्ये नको.

ज्यांना दिसत नाही, ज्यांचा फोन मजकूर वाचून दाखवतो, त्यांच्यासाठी चित्राचं वर्णन वेगळं लिहायची सोय असते. तिथे मुख्य ओळ परत टाकू नका, तिथे सरळ सांगा: 'भरलेल्या बसमध्ये खिडकीपाशी बसलेल्या माणसाच्या मांडीवर चार बॅगा, एका पिशवीवर त्याचा तळहात, पायाशी काळी बॅग, काचेवर वाफ.' वस्तूंची जी यादी आपण सुरुवातीला केली ती इथे जशीच्या तशी कामाला येते.

टाकण्याआधी एक काम मात्र नक्की करा. फोटो पूर्ण मोठा करून निळ्या सॅकच्या बाजूला बघा. तिथे फितीला अडकवलेलं ओळखपत्र उलटं लोंबतंय आणि मला कंपनीचं नाव अर्धं वाचता येतंय. काकांचा चेहरा नाही, पण उभ्या असलेल्या कोणाची तरी नोकरी आणि नाव त्या पत्रावर असणार. तेवढा भाग धूसर करा किंवा कापा.

आणि काका पुन्हा दिसले तर फोटो त्यांना दाखवा, हो म्हणाले तरच टाका. तेव्हाच पायाशी असलेली काळी बॅग त्यांचीच आहे ना, हे विचारून घ्या. तुम्ही प्रश्नात तसं लिहिलंय आणि माझी सगळी ओळ त्यावर उभी आहे. पण पायाशी ठेवलेली बॅग मागच्या सीटवरच्या माणसाचीही असू शकते. तसं निघालं तर 'स्वतःची' हा शब्द गेला. मग ओळ अशी करा:

चार बॅगा मांडीवर, पाचवी पायाशी.